बर्ड फ्लूनंतरचा भरपाई अर्ज : मेलेल्या कोंबड्या, मारलेल्या कोंबड्या आणि आपली नोंदवही



आपल्या प्रभागसंघातल्या बऱ्याच गटांनी कोंबडीपालन सुरू केलंय. कोणाकडे पिंजऱ्यातल्या पन्नास कोंबड्या आहेत, कोणाकडे पाचशेची शेड आहे. गटाच्या बैठकीत खाद्याचा भाव, अंड्याचा भाव यावर बोलणं होतं. पण रोग येऊन सगळे पक्षी सरकारनं नष्ट केले तर भरपाईचा अर्ज कसा करायचा, हे कधी कुणी विचारत नाही. वेळ आली की मात्र दोन दिवसांत सगळं करावं लागतं. म्हणून या अंकात तेवढ्याच विषयावर लिहिते.

बर्ड फ्लू आपल्याला नवा नाही. देशात तो पाळीव कोंबड्यांमध्ये पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे 900 कोंबड्या मेल्या, आणि ती पोल्ट्री एका बचत गटाची होती. त्यानंतर महिनाभरात नवापूरला पुन्हा लागण झाली.

आधी हा एक नियम समजून घ्या

भरपाई मिळते ती सरकारी पथकानं नष्ट केलेल्या पक्ष्यांची. त्यांच्यासोबत नष्ट केलेली अंडी आणि खाद्य यांचीही मिळते. पथक येण्याआधी रोगानं मेलेल्या कोंबड्यांची मिळत नाही.

ऐकायला हे अन्यायाचं वाटतं. पण त्यामागचं कारण असं की आपल्या डोळ्यांसमोर चालती-फिरती कोंबडी सरकार लोकांच्या आरोग्यासाठी मारतं, म्हणून तिचे पैसे देतं. रोगानं मेलेली कोंबडी हे आपलं नुकसान धरलं जातं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, मर सुरू झाल्यावर दवाखान्यात कळवायला जितका उशीर, तितकी भरपाई कमी. दुसरी म्हणजे, अर्जात मेलेल्या आणि मारलेल्या कोंबड्या वेगवेगळ्या दाखवाव्या लागतात. बऱ्याच जणी दोन्ही मिळून एकच आकडा लिहितात. तो आकडा डॉक्टरांच्या कागदाशी जुळत नाही आणि फाईल परत येते.

कळवल्यापासून पुढे काय होतं

अचानक जास्त मर, तुरा निळसर पडणं, डोकं-चेहरा सुजणं, अंडी एकदम कमी होणं, खाद्य न खाणं, अशी लक्षणं दिसली की त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करायचा आणि ग्रामपंचायतीलाही कळवायचं. कायद्यानंही हे कळवणं मालकावर बंधनकारक आहे. मानमोडीत म्हणजे राणीखेतमध्येही अशीच मर होते. नुसतं बघून दोन्हींतला फरक नक्की सांगता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. मेलेली कोंबडी कापून बघू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. हातमोजे आणि तोंडाला मास्क लावूनच हाताळा. कुणाला ताप-खोकला आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कोंबड्यांबद्दल आवर्जून सांगा.

डॉक्टर येतात, नमुने घेतात. बर्ड फ्लूचा पक्का निकाल भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडून येतो. निकाल आला की जिल्हाधिकारी आदेश काढतात. साधारण एक किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंतचा सर्वेक्षण क्षेत्र म्हणून जाहीर होतो. बाधित क्षेत्रातले पक्षी पथक येऊन नष्ट करतं, खड्ड्यात चुना टाकून पुरतं आणि पंचनामा करतं.

म्हणजे आपल्या अर्जामागे तीन कागद असतात. नमुने घेतानाचा डॉक्टरांचा कागद, पक्षी नष्ट करतानाचा पंचनामा, आणि आपली स्वतःची नोंदवही. अर्जाचं काम एकच असतं. या तिन्हींतले आकडे एकमेकांना कसे जोडले जातात ते अधिकाऱ्याला सरळ दिसलं पाहिजे.

एक उदाहरण करून बघू

समजा, एका गटाकडे बीव्ही 380 जातीच्या अंड्यावरच्या कोंबड्या आहेत. 12 नोव्हेंबरला 16 आठवड्यांच्या 520 तलंगा पावतीवर आणल्या. जानेवारी संपेपर्यंत नेहमीच्या कारणांनी 11 मेल्या आणि अंडी न देणाऱ्या 9 विकल्या. 31 जानेवारीला शिल्लक 500.

1 फेब्रुवारीला 4 मेल्या. 2 तारखेला 13 मेल्या, आणि गटानं त्याच दिवशी दवाखान्यात फोन केला. 3 तारखेला डॉक्टर येईपर्यंत आणखी 31 मेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "एकूण पक्षी किती?" अध्यक्ष ताईंनी नोंदवही उघडून सांगितलं, "आज मेलेल्या 48, जिवंत 452." डॉक्टरांच्या कागदावर तेच लिहिलं गेलं.

इथे जरा थांबा. घाबरलेल्या मनःस्थितीत आपण पटकन म्हणतो, "असतील साडेचारशे-पाचशे." तो अंदाज सरकारी कागदावर जातो आणि शेवटपर्यंत चिकटून राहतो. पुढे प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून बघितला जातो. म्हणून डॉक्टरांशी बोलताना वही हातात घ्या. दोन मिनिटं लागली तरी चालतील.

निकाल येईपर्यंत दिवस गेले. 4 तारखेपासून 9 तारखेच्या सकाळपर्यंत आणखी 124 मेल्या. 9 तारखेला पथक आलं तेव्हा जिवंत 328 राहिल्या होत्या. शेजारच्या खोलीत 6 जानेवारीला आणलेल्या एक दिवसाच्या 60 पिल्लांपैकी 57 होती. अंड्यांचे 13 भरलेले ट्रे आणि वर 20, म्हणजे 410 अंडी. खाद्याची 50 किलोची 6 पोती आणि एका फोडलेल्या पोत्यात 22 किलो, म्हणजे 322 किलो.

आता हिशोब. 2021 च्या साथीत आपल्या राज्यात जे दर दिले गेले ते असे होते : आठ आठवड्यांपर्यंतच्या अंड्यावरच्या पक्ष्याला 20 रुपये, त्यावरच्या वयाला 90 रुपये. मांसल म्हणजे ब्रॉयलर पक्ष्याला सहा आठवड्यांपर्यंत 20, त्यावर 70 रुपये. अंड्याला 3 रुपये आणि खाद्याला किलोमागे 12 रुपये. दर बदलतात, त्यामुळे अर्ज करताना चालू दर दवाखान्यातून लिहून घ्या. आपण इथे फक्त हिशोबाची रीत शिकण्यासाठी हे दर धरतोय.

मोठ्या कोंबड्या 328 × 90 = 29,520 रुपये
पिल्लं 57 × 20 = 1,140 रुपये
अंडी 410 × 3 = 1,230 रुपये
खाद्य 322 × 12 = 3,864 रुपये
एकूण 35,754 रुपये

मेलेल्या 172 कोंबड्यांचं काहीच नाही. त्याच दरानं धरलं तर ते 15,480 रुपये होतात. या गटानं दुसऱ्याच दिवशी कळवलं तरी एवढं गेलं. चार दिवस वाट बघितली असती तर शेडमध्ये मोजायला किती उरल्या असत्या, ते तुम्हीच बघा.

पिल्लांच्या ओळीकडेही लक्ष द्या. वयावर दर ठरतो, आणि वयाचा पुरावा म्हणजे खरेदीची पावती. पावती नसेल तर वय डोळ्यांनी ठरतं आणि तिथेच वाद होतो.

पंचनाम्याच्या दिवशी

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. चार गोष्टी तपासा.

पहिली, नाव. शेड बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या जागेत असते. पथक विचारतं, "जागा कोणाची?" आणि पंचनाम्यात त्यांचंच नाव येतं. मग पैसेही त्यांच्याच खात्यावर जातात. पक्षी गटाचे असतील तर "पक्ष्यांचे मालक : अमुक महिला बचत गट" असं लिहून घ्या. जागेचा मालक आणि पक्ष्यांचा मालक वेगळा असू शकतो, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. गटाच्या पासबुकावर जे नाव आहे, अक्षर न अक्षर तेच नाव पंचनाम्यात हवं.

दुसरी, आकडा. नष्ट केलेले पक्षी पिशव्यांत भरतात. एका सदस्येनं सुरक्षित अंतरावर उभं राहून प्रत्येक पिशवीमागे कागदावर एक रेघ मारायची. आपल्या उदाहरणात एका पिशवीत 25 पक्षी भरले. 13 पिशव्या झाल्या आणि वर 3, म्हणजे 328. वहीतली शिल्लकही 328. आता पंचनाम्यात कुणी घाईत "अंदाजे 300 पक्षी" लिहिलं तर 28 पक्षी, म्हणजे 2,520 रुपये गेले. हातात रेघांचा कागद असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती होते. सही झाल्यावर त्याच दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज आणि अनेक चकरा माराव्या लागतात.

तिसरी, प्रकार आणि वय. "कोंबड्या 385" असं एकत्र लिहू देऊ नका. मोठ्या 328 आणि पिल्लं 57, अशा दोन ओळी हव्यात.

चौथी, अंडी आणि खाद्य. पक्ष्यांच्या गडबडीत हे राहूनच जातं. आपल्या उदाहरणात ते 5,094 रुपये आहेत.

दुरुस्ती मान्य झाली नाही तर सही करताना सहीच्या वर लिहा : "आमच्या नोंदवहीप्रमाणे पक्षी 328 आहेत." पंचनाम्याची प्रत मागा. प्रत लगेच मिळाली नाही तर निदान मोबाईलवर फोटो काढू द्या अशी विनंती करा.

आणि हो, नोंदवही शेडमध्ये ठेवू नका. निर्जंतुकीकरणात शेडमधल्या बऱ्याच वस्तू नष्ट होतात, त्यात वहीही जाऊ शकते. वही घरी ठेवा आणि दर आठवड्याला पानाचा फोटो काढून गटाच्या दुसऱ्या सदस्येच्या मोबाईलवर पाठवा. फोटोवर तारीख येते, तीही पुढे उपयोगी पडते.

अर्जाचा नमुना

अर्ज एका पानाचा पुरे. कर्ज किती आहे, मुलांच्या फीचं काय, हे खरं असलं तरी या अर्जात लिहू नका. त्यासाठी बँकेला वेगळा अर्ज करायचा. इथे फक्त पक्षी, तारखा आणि कागद. वरच्याच उदाहरणाचा अर्ज असा होईल :

प्रति,
मा. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त,
मार्फत : पशुधन विकास अधिकारी, पशुवैद्यकीय दवाखाना, (गाव)

विषय : बर्ड फ्लू नियंत्रणासाठी नष्ट केलेले पक्षी, अंडी व खाद्य यांची नुकसानभरपाई मिळणेबाबत.

संदर्भ : 1) मा. जिल्हाधिकारी यांचा आदेश क्र. ___ दि. ___
2) पंचनामा दि. 9 फेब्रुवारी

महोदय / महोदया,

आमच्या गटाच्या मालकीचे अंड्यावरचे पक्षी (जात बीव्ही 380) गट क्र. ___ मधील शेडमध्ये होते. 2 फेब्रुवारी रोजी आम्ही असाधारण मर झाल्याचे आपल्या दवाखान्यात कळवले. 3 फेब्रुवारी रोजी नमुने घेण्यात आले. 9 फेब्रुवारी रोजी पथकाने सर्व पक्षी नष्ट केले.

मोठ्या पक्ष्यांचा हिशोब :
31 जानेवारीची शिल्लक : 500
1 ते 3 फेब्रुवारी मृत : 48 (नमुने घेताना जिवंत 452)
4 ते 9 फेब्रुवारी सकाळपर्यंत मृत : 124
9 फेब्रुवारी रोजी नष्ट केलेले : 328 (वय 28 आठवडे पूर्ण)

याशिवाय नष्ट केलेले : पिल्ले 57 (वय 5 आठवड्यांच्या आत), अंडी 410, खाद्य 322 किलो.

मृत 172 पक्ष्यांची भरपाई आम्ही मागत नाही. ते फक्त हिशोबासाठी दाखवले आहेत. नष्ट केलेले पक्षी, अंडी व खाद्य यांची भरपाई चालू दराने गटाच्या खालील बँक खात्यात जमा करावी, ही विनंती.

(खात्याचे नाव, क्रमांक, आयएफएससी कोड)

सोबत : पंचनाम्याची प्रत, खरेदी पावत्या, नोंदवहीच्या पानांच्या प्रती, लसीकरणाची नोंद, गटाचा ठराव, पासबुकाची प्रत.

अध्यक्ष / सचिव यांच्या सह्या, गटाचा शिक्का

हा अर्ज कुणाला उद्देशून लिहायचा ते आपल्या दवाखान्यात एकदा विचारून घ्या. "मेलेल्यांची भरपाई मागत नाही" हे वाक्य मुद्दाम घातलंय. डॉक्टरांच्या कागदावर 452 आणि पंचनाम्यात 328, हा 124 चा फरक अधिकाऱ्याला दिसणारच. आपणच तो आधी दाखवला, आणि वहीत 4 तारखेपासूनच्या रोजच्या मरीची नोंद असली, की प्रश्न उरत नाही. आकडा वाढवून मागण्याचा सल्ला गावात नक्की कुणीतरी देईल. पण 328 च्या जागी 400 लिहिले तर पंचनाम्याशी जुळणार नाही, आणि खरे 328 सुद्धा संशयात पडतील.

लसीकरणाची नोंद भरपाईचा आकडा वाढवत नाही. पण लासोटा, आर-टू-बी कधी दिली हे त्यात असतं, त्यामुळे नमुने घेतानाच डॉक्टरांना ती दाखवली तर राणीखेतबद्दलचे प्रश्न लवकर सुटतात. शिवाय पक्षी किती होते याचा तो आणखी एक तारखेसह पुरावा असतो, कारण लस पक्ष्यांच्या संख्येवरच घेतली जाते.

अर्ज दिल्यावर

दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. तोंडी "ठेवून जा" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. पोच गटाच्या फाईलला लावा. पंधरा दिवसांनी आवक क्रमांक सांगून चौकशी करा. उत्तरच मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात "आमच्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढं विचारता येतं. त्याचं उत्तर साधारण 30 दिवसांत द्यावं लागतं.

दोन बाबतीत हा अर्ज तसाच चालणार नाही. कंपनीशी करार करून ब्रॉयलर वाढवत असाल तर पिल्लं बहुधा कंपनीच्या मालकीची असतात. मग भरपाई कुणी मागायची आणि आपल्या मजुरीचं काय, हे करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं. तो करार आताच बाहेर काढून वाचा, समजला नाही तर माझ्याकडे किंवा सीआरपी ताईंकडे द्या. आणि पक्ष्यांचा विमा असेल तर विमा कंपनीला वेगळं आणि लगेच कळवावं लागतं. सरकारी आदेशानं मारलेल्या पक्ष्यांना विमा लागू आहे का, ते पॉलिसीच्या अटींत बघावं लागेल.

पैसे आले म्हणून लगेच नवी पिल्लं आणू नका. निर्जंतुकीकरण, नंतरची तपासणी आणि परवानगी झाल्यावरच पक्षी आणता येतात. तेवढे महिने शेड रिकामी राहणार हे धरूनच गटानं हप्त्यांबद्दल बँकेशी बोलावं. भरपाईच्या रकमेत तेवढ्याच कोंबड्या परत येणार नाहीत, हेही आधीच माहीत असलेलं बरं. अंड्यावर आलेल्या कोंबडीची बाजारातली किंमत 90 रुपयांहून बरीच जास्त असते.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा

नोंदवहीत रोजच्या पानावर हे रकाने आहेत का बघा : तारीख, कालची शिल्लक, नवीन आले, मेले, विकले किंवा घरी खाल्ले, आजची शिल्लक, अंडी, खाद्य. "घरी खाल्ले" हा रकाना बऱ्याच वह्यांत नसतो. पाहुणे आले की एक कोंबडी जाते, नोंद होत नाही, आणि सहा महिन्यांत वही आणि शेड यात वीस-पंचवीसचा फरक पडतो.

मग दोघी जणी शेडमध्ये जाऊन पक्षी प्रत्यक्ष मोजा. पहाटे किंवा संध्याकाळी मोजा, तेव्हा पक्षी शांत असतात. वहीतली शिल्लक आणि मोजलेला आकडा जुळला नाही तर खाडाखोड करू नका. त्याच तारखेला खाली लिहा : "प्रत्यक्ष मोजले, पक्षी इतके, फरक इतका." दोघींनी सही करा आणि पुढच्या दिवसाची सुरुवात त्याच आकड्यापासून करा. खरेदीच्या पावत्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला पाकीट चिकटवून त्यात ठेवा.

पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघ बैठकीला येताना कोंबडीपालन करणाऱ्या गटांनी आपली नोंदवही सोबत आणा. आपण एकेक पान घेऊन शिल्लक जुळवून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक